गोड बातमीला उत्तर लिहिताना

*ताई, माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीला पहिलं मूल होणार आहे. काल रात्री तिचा मेसेज आला: "ऐक ना, मी आई होणार आहे. चौदावा आठवडा चालू आहे. खूप आनंद झालाय आणि पोटात गोळाही आलाय. अजून फारसं कोणाला सांगितलं नाहीये." मी लगेच चार हार्ट पाठवले आणि "उद्या नीट लिहिते" म्हटलं. आता लिहायला बसले तर उमटतंय ते असं:*

*"अभिनंदन राणी!! शेवटी बातमी आलीच! आता स्वतःला जप हं. धावपळ कमी कर, डाव्या कुशीवर झोपायची सवय आत्तापासून लाव. झोप मिळतेय तोवर झोपून घे, नंतर विसर! मला तर पाचव्या महिन्यापर्यंत उलट्या होत होत्या, तुला होतायत का? कुठल्या डॉक्टरांकडे नाव घातलंयस? अजिबात घाबरू नकोस, सगळं छान होणार आहे. काही लागलं तर कधीही सांग."*

*माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, त्यामुळे सांगण्यासारखं पुष्कळ आहे. पण तेव्हा मला स्वतःला सल्ल्यांचा किती वैताग यायचा तेही आठवतं. सल्ला न देता, मनापासून आणि आशेनं कसं लिहू? सल्ले काढून टाकले की "अभिनंदन" एवढंच उरतं.*

*ता. क. माझ्या मुलाच्या पहिल्या वर्षात ही दर रविवारी दुपारी यायची आणि त्याला मांडीवर घेऊन बसायची. मी तेवढ्यात झोपून घ्यायचे. तो रडायला लागला तर मला उठवायची नाही, त्याच्याशी मोठ्या माणसासारख्या गप्पा मारत बसायची.*

तुमचा मसुदा मी दोनदा वाचला. एकदा तुमच्या बाजूनं, मग तिच्या. तिच्या बाजूनं वाचला की तुमचा आनंद पहिल्या ओळीतच आटोपतो आणि पुढे नुसता कारभार सुरू होतो. तुम्हाला सल्ले खटकले हे चांगलंच, पण त्यातले निम्मेच तुमच्या नजरेला पडले असावेत, कारण बाकीचे सल्ल्यासारखे दिसत नाहीत.

दिसणारे आधी काढू. जप, कमी कर, सवय लाव, झोपून घे, विसर, घाबरू नकोस, सांग. एवढ्याशा मेसेजमध्ये सहा-सात आज्ञा झाल्या. मागे "हं" लावला तरी आज्ञा ती आज्ञाच राहते. आनंदाच्या भरात आपल्याला हे कळत नाही, कारण आपल्याकडे माया बहुतेक वेळा आज्ञार्थातच बोलते. म्हणून लिहून झाल्यावर एकदा फक्त क्रियापदांवरून नजर फिरवायची. तिनं काय करावं हे सांगणारं प्रत्येक वाक्य बाजूला काढायचं, कितीही प्रेमळ असलं तरी.

डाव्या कुशीचंच उदाहरण घ्या. उताणं न झोपता कुशीवर झोपावं असं डॉक्टर सांगतात, ते साधारण २८व्या आठवड्यापासून पुढे, आणि तेव्हाही उजवी कूस चालते. चौदाव्या आठवड्यात ती कशीही झोपली तरी बिघडत नाही. पण समजा, तिनं तुमचं ऐकलं. रात्री केव्हातरी जाग येईल, आपण उताणे पडलोय हे लक्षात येईल आणि ती दचकेल: बाळाला काही झालं तर नसेल ना? तुम्ही एक ओळ लिहून मोकळ्या झालात, तिच्या मात्र कितीतरी रात्रींना धाकधूक चिकटली. न मागता दिलेला सल्ला चुकीचाच असतो असं नाही. बरेचदा तो अर्धवट आठवलेला असतो, आणि त्याची वेळ आलेली नसते.

आता लपलेले सल्ले. "उलट्या होतायत का?" आणि "कुठल्या डॉक्टरांकडे नाव घातलंयस?" हे वरवर साधे प्रश्न आहेत. पण ती "हो, होतात" म्हणाली तर तुमच्याकडे उपाय तयार आहे, "नाही" म्हणाली तर "नशीबवान आहेस" तयार आहे. डॉक्टरांचं नाव कळलं की त्यावर मत तयार आहे. ज्याच्या उत्तरावर आपला शेरा आधीच जिभेवर असतो तो प्रश्न म्हणजे सल्ल्याचं दार. ते या मेसेजमध्ये उघडू नका. तिला सांगायचं असेल ते ती सांगेलच, तिनं आठवडा कितवा तेही न विचारता सांगितलंय.

"मला तर पाचव्या महिन्यापर्यंत..." हे खरं आहे, तुमचं आहे, आणि तुम्ही ते कौतुकानं नाही तर सोबत म्हणून लिहिलंय, हे मला कळतं. पण तिच्या हातात ते भाकीत म्हणून पडतं. बऱ्याच जणींची मळमळ साधारण याच सुमाराला, चौथ्या-पाचव्या महिन्यात ओसरू लागते. कदाचित तिची आत्ता कुठे थांबली असेल आणि तुमची ओळ वाचून ती पुन्हा दिवस मोजायला लागेल. झोपेचा विनोदही त्याच जातीचा. तो तिला पुढच्या काही महिन्यांत भेटेल तो प्रत्येक माणूस ऐकवणार आहे, आणि झोप काही आधी साठवून नंतर वापरता येत नाही.

"शेवटी बातमी आलीच" यातला "शेवटी" मी सगळ्यात आधी खोडला असता. त्यात वाट पाहणं आहे, उशीर झाल्याचा हिशेब आहे. या चौदा आठवड्यांच्या आधी काय काय होऊन गेलं हे जवळच्या मैत्रिणीलाही ठाऊक असतंच असं नाही. उपचार असतील, नुसती चुकलेली आशा असेल, किंवा काहीच नसेल. तुम्हाला माहीत नाही, तर तिकडे बोट नको.

एवढं सगळं काढण्यामागे शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे, आणि ते आठवड्यांच्या हिशेबात आहे. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. ४० आठवड्यांतल्या पहिल्या दोनेक आठवड्यांत तर गर्भ राहिलेलाही नसतो. पाळी चुकली, घरी चाचणी केली आणि दोन रेघा दिसल्या, तेव्हा चौथा-पाचवा आठवडा उजाडलेला असतो. म्हणजे तुम्हाला काल रात्री कळलेली बातमी तिच्यासाठी बहुधा दोन महिन्यांहून जुनी आहे. या दोन महिन्यांत तिनं डॉक्टर गाठले असतील, रक्त तपासून झालं असेल, सोनोग्राफीच्या पडद्यावर एक धडधडणारा ठिपका पाहून झाला असेल, आणि रात्री जाग आल्यावर फोनवर काय काय वाचून झालं असेल त्याची तर गणतीच नको. गर्भपाताचा धोका पहिल्या १२ आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो, म्हणून पुष्कळ जणी तेवढे दिवस बातमी पोटात ठेवतात. तीही तशीच थांबली असेल. तिच्या पोटातल्या गोळ्याला ही सगळी पार्श्वभूमी आहे.

तेव्हा माहिती तिच्याकडे भरपूर आहे. आनंद साजरा करणारी माणसं कमी आहेत, कारण तिनं सांगितलंच मोजक्यांना. त्या मोजक्यांत तुम्ही आहात. तुमच्या मेसेजचं काम तेवढंच.

आता "अभिनंदन एवढंच उरतं" याबद्दल. तुमचा खरा मेसेज तुम्ही लिहून ठेवलाय, फक्त मला पाठवलाय. तो ताजा कलममध्ये आहे. रविवारची दुपार, तिची मांडी, रडणाऱ्या बाळाशी मोठ्या माणसासारख्या गप्पा. हे जगात दुसरं कोणी तिला लिहू शकत नाही. "तू खूप छान आई होशील" हे मात्र कोणीही लिहितं. त्यात एक अडचणही आहे: ते वाक्य परीक्षेच्या आधीच निकाल लावतं, आणि पहिल्या वाईट दिवशी तिला वाटतं की आपण त्या वाक्याला उतरलो नाही. तुम्ही पाहिलेला प्रसंग सांगितलात की तीच गोष्ट पोचते, पण तिला काही सिद्ध करावं लागत नाही, कारण ते घडून गेलेलं आहे.

आशेचंही तसंच. "सगळं छान होणार आहे" ही आशा नव्हे, ती हमी आहे, आणि तशी हमी तिचे डॉक्टरही देत नाहीत. शिवाय तिच्या पुढे "घाबरू नकोस" आलं की दोन्ही मिळून तिचं तोंड बंद करतात. तिनं एका दमात दोन गोष्टी लिहिल्यात, आनंद आणि गोळा. तुम्ही पहिलीला टाळ्या दिल्या आणि दुसरी झटकली, तर पुढच्या वेळी ती दुसरी सांगणार नाही. गोळ्याला उत्तर द्यायचं म्हणजे तो घालवायचा नाही, ऐकला एवढं कळवायचं. आणि आशा लिहायची ती स्वतःकडे घेऊन लिहायची: मी कशाची वाट पाहतेय, मला काय बघायचंय. ते खोटं ठरत नाही आणि तिच्यावर त्याचा भारही पडत नाही.

राहिलं "काही लागलं तर कधीही सांग". हेतू सोन्यासारखा, पण काय लागतंय ते शोधणं, शब्दांत आणणं आणि मागणं, ही तिन्ही कामं तिच्याकडे जातात. त्यापेक्षा एकच लहानशी, ठरलेली गोष्ट द्यावी, जी ती हसून बाजूला ठेवू शकेल. तुमच्याकडे ती आयतीच आहे.

हे सगळं धरून मी असं लिहीन. शब्द तुमच्या दोघींच्या बोलण्यातले घाला, माझे ठेवू नका.

"काल रात्रीपासून तुझा मेसेज पुन्हा पुन्हा उघडून वाचतेय. तू आई होणार आहेस! सकाळपासून एकटीच हसतेय, घरातले विचारतायत काय झालं, आणि मी काही सांगत नाहीये. अभिनंदन, राणी.

मला सारख्या त्या रविवारच्या दुपारी आठवतायत. तू याला मांडीवर घेऊन बसायचीस, आणि तो रडायला लागला की मला न उठवता त्याच्याशी मोठ्या माणसासारख्या गप्पा मारायचीस. मी आतून अर्धवट झोपेत ऐकायचे. आता तुझ्या स्वतःच्या बाळाशी तुझ्या त्या गप्पा चालतील. त्या ऐकायची मी वाट बघतेय.

पोटात गोळा आलाय तेही सांगितलंस, बरं वाटलं. आनंदाचं बोलावंसं वाटेल तेव्हाही मी आहे आणि गोळ्याचं बोलावंसं वाटेल तेव्हाही.

बाळ आलं की रविवारची दुपार माझ्याकडे लागली. तुला हवी तेव्हापासून, हवी तितकी. नको असेल त्या रविवारी नुसतं 'नको' म्हटलंस तरी पुरे.

बातमी माझ्यापाशीच आहे. उत्तराची घाई नाही. बाळाची वाट बघणाऱ्यांच्या यादीत माझं नाव वर लिहून ठेव!"

शेवटी एक आज्ञार्थ राहिला आहे, तो मी मुद्दाम ठेवलाय. त्यात तिला काही करायचं नाहीये, हट्ट तुमचा आहे. "अर्धवट झोपेत ऐकायचे" हे मी कल्पनेनं घातलंय. तुम्ही गाढ झोपत असाल तर ते काढा, कारण ज्या दुपारी तुम्ही झोपून काढल्यात त्यांचं खोटं वर्णन तिला लगेच कळेल. "उत्तराची घाई नाही" हे मात्र काढू नका. असे मेसेज वाचून माणूस गहिवरतो, आणि मग तितकंच चांगलं उत्तर लिहायचं ओझं वाटून ते लांबत जातं.

फोन करावा का, असंही तुमच्या मनात येईल. तिनं लिहून सांगितलंय, तर पहिलं उत्तर लिहूनच द्या. लिहिलेलं तिला पुन्हा काढून वाचता येतं, आणि फोनवर तुम्ही दहाव्या मिनिटाला डाव्या कुशीवर येणार, हे मी तुम्हाला न ओळखताही सांगू शकते. मेसेज आजच जाऊ द्या. नुसते हार्ट पाठवून गप्प बसलेल्या मैत्रिणीबद्दल मनात काहीबाही यायला एक दिवस पुरतो.

बातमी तुमच्यापाशी ठेवण्याचं जरा गांभीर्यानं घ्या. हे फुटतं ते बहुधा चुगलीनं नाही, उत्साहानं. तुमच्या दोघींचा एखादा जुना ग्रुप असेल, कोणीतरी सहज "ती हल्ली दिसत नाही" म्हणेल, आणि तुम्ही एक डोळा मिचकावलेला चेहरा टाकाल. संपलं. तिच्या फोटोखाली सूचक काही लिहिणंही तसंच. कोणी थेट विचारलंच तर "तिलाच विचार ना" पुरे, आणि तेही अगदी रोजच्या आवाजात, नाहीतर आवाजच उत्तर देतो.

पुढे ती तुम्हाला विचारणार, हे नक्की. तुमच्या घरात आठ वर्षांचा पुरावा धावतोय. तेव्हा मागितलं तेवढंच द्या. तिनं "तुझ्या उलट्या कधी थांबल्या गं?" असं विचारलं, तर "पाचव्या महिन्यात. तुझं कसं चाललंय?" एवढंच, आणि मग ऐका. मसुद्यातलं तेच वाक्य आता जागेवर बसतं, कारण ते तिनं मागितलंय. औषधाचं, तपासण्यांचं विचारलं तर आठ वर्षांपूर्वी तुम्हाला काय सांगितलं होतं ते आज तसंच सांगत असतील असं धरू नका, ते डॉक्टरांकडे सोपवा. कधी कधी ती विचारते असं वाटतं, पण तिला नुसतं बोलायचं असतं. कळत नसेल तर सरळ विचारावं: "ऐकू, की काही सुचवू?" मैत्रिणींमध्ये हे विचारलेलं चालतं.

एकाच ठिकाणी हे सगळं बाजूला ठेवायचं. बोलता बोलता तिनं रक्तस्राव होतोय म्हटलं, पोटात जोराची कळ येतेय म्हटलं, पुढच्या महिन्यांत डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे काजवे चमकतायत किंवा बाळाची हालचाल कमी जाणवतेय असं म्हटलं, तर "आत्ता डॉक्टरांना फोन कर" हे स्पष्ट आज्ञार्थात सांगायचं आणि तिनं तो केला ना, याची खात्री करायची. तिथे संकोच नको, स्वतःचे किस्से तर नकोच.

आणि शेवटचे आठवडे. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेलाच जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच असतात, आणि पहिलटकरणी बऱ्याचदा तारीख ओलांडतात. पण तारीख सगळ्यांना कळलेली असते, त्यामुळे तेव्हा तिच्या फोनवर दिवसभर "झालं का?" येत राहणार, आणि दर वेळी तिला "नाही अजून" लिहावं लागणार. तुमच्या डोक्यात ती तारीख दोन आठवडे पुढची धरून ठेवा. तोवर पाठवाल ते बिनप्रश्नाचं पाठवा: तुमच्या मुलाचा आजचा पराक्रम, जुना एखादा फोटो, तुमच्या दोघींनाच कळेल असा फालतू विनोद. तिला ते वाचून नुसता फोन खाली ठेवता आला पाहिजे.